भाडेकरार नाही, लाइट बिल नाही : बँकेत सध्याचा पत्ता कसा सांगायचा?

*सप्रेम नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातला. दीड वर्षापासून चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. खराबवाडीत दहा बाय दहाची खोली घेतली आहे. भाडं रोख देतो, मालक करार करून देत नाही, लाइट बिल त्याच्याच नावावर. आधारवर गावचा पत्ता आहे. बँकेत खातं काढायला गेलो तर ‘इथल्या पत्त्याचा पुरावा आणा’ म्हणून परत पाठवलं. कामावरचा एक जण म्हणतो, स्वयंघोषणापत्र दिलं की होतं. एक एजंट पंधराशे रुपयांत भाडेकरार करून देतो म्हणतो. खरं काय? आणि स्वयंघोषणापत्रात लिहायचं काय? बायको आता इकडे आली आहे, गॅसही घ्यायचा आहे.*
*– एक वाचक, चाकण*

नमस्कार भाऊ,

तुमच्या कामावरच्या माणसाचं बरोबर आहे, पण अर्धंच. बँकेत स्वयंघोषणापत्र चालतं. मात्र त्याच्यासोबत एक गोष्ट व्हावी लागते. ती न झाल्यामुळेच बरेच जण हातात कागद घेऊन परत येतात. एजंटाच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी एक विचारून ठेवतो. गावाकडे तुमचं एखादं खातं आहे का? असेल आणि ते चालू असेल, तर नवं काढायची गरज नाही. पगार कोणत्याही बँकेच्या खात्यात जमा होऊ शकतो, आणि सेनगावच्या शाखेतलं खातं चाकणच्या एटीएमवर तसंच चालतं. अशा वेळी फक्त सध्याचा पत्ता कळवायचा. त्यासाठीही हेच स्वयंघोषणापत्र लागतं आणि ते देणं नवं खातं काढण्यापेक्षा सोपं आहे. केवायसी अद्ययावत करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाची स्वतःची घोषणा घ्यावी, असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. जून २०२५ पासून गावोगावचे बँक मित्र, म्हणजे बँकेचे व्यवसाय प्रतिनिधी, यांनाही ती घेण्याची मुभा दिलेली आहे. खातं नसेल किंवा बंद पडलं असेल, तर पुढचं वाचा.

घोषणेमागचा नियम

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने मनी लाँडरिंग प्रतिबंधाच्या नियमांत एक दुरुस्ती केली. ती तुमच्यासारख्या, कामासाठी गाव सोडून आलेल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवूनच होती. दुरुस्ती अशी : ओळख पटवण्यासाठी माणसाने आधार क्रमांक दिला, आणि आधारच्या नोंदीतल्या पत्त्यापेक्षा त्याचा आत्ताचा पत्ता वेगळा असेल, तर त्या पत्त्याबद्दल तो स्वतः घोषणा देऊ शकतो. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हीच गोष्ट बँकांसाठीच्या केवायसी निर्देशांत घेतली.

आता यातली मेख पाहा. ही सवलत आधारच्या ई-केवायसीला जोडलेली आहे. म्हणजे बँकेतल्या यंत्रावर तुम्ही बोट ठेवता, आधारच्या नोंदीशी ते जुळतं, तुमचं नाव, फोटो आणि गावचा पत्ता बँकेच्या संगणकावर येतो. त्यानंतर ‘सध्या मी इथे राहतो’ हे तुम्ही लिहून दिलं, की ते पुरतं. पण बँकेने नुसती आधारची झेरॉक्स घेतली आणि ई-केवायसी केलीच नाही, तर या सवलतीचा आधार राहत नाही. मग कारकून दुसऱ्या नियमाकडे जातो आणि बिलं मागतो. त्या नियमात वीज, पाणी, टेलिफोन किंवा पाइप गॅसचं दोन महिन्यांच्या आतलं बिल, घरपट्टीची पावती असे मोजकेच कागद चालतात. राहण्याची जागा दिल्याचं नोकरी देणाऱ्याचं पत्र चालतं, पण तो नोकरी देणारा सरकारी खातं, सरकारी उपक्रम, बँक किंवा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असला तरच. तुमच्या लेबर ठेकेदाराचं पत्र त्यात बसत नाही. ठेकेदाराच्या लेटरहेडवर पत्ता आणूनही पोरं परत येतात, त्याचं कारण हे. आणि हे कागद दिले, तरी तीन महिन्यांच्या आत सध्याच्या पत्त्याचा पक्का पुरावा द्यावाच लागतो.

म्हणून शाखेत गेल्यावर पहिलं वाक्य पुराव्याबद्दल बोलू नका. असं म्हणा : “माझं खातं आधार ई-केवायसीने, बोट लावून उघडा. आधारवर गावचा पत्ता आहे, तो कायमचा पत्ता म्हणून राहू द्या. चाकणच्या पत्त्याची स्वयंघोषणा मी लिहून आणली आहे.” या तीन वाक्यांत कारकुनाला कोणता नियम लावायचा ते कळतं.

बोटाची अडचण येऊ शकते. प्रेस शॉप, फाउंड्री किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेघा झिजतात, तेल-सिमेंटने भरतात आणि यंत्र ‘जुळत नाही’ सांगतं. जायच्या आदल्या रात्री हात साबणाने स्वच्छ धुवा, थोडं खोबरेल तेल लावून झोपा, सकाळी कोरडे पुसा. एका बोटाने नाही झालं तर बाकीच्या बोटांनी प्रयत्न करायला सांगा, दहाही बोटांची नोंद असते. तरीही नाही जुळलं, तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी होते का, ते विचारा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तोही एक मार्ग आहे. पण शाखेत न जाता, नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्याला एका वर्षाची मुदत आणि रकमेची मर्यादा असते, म्हणून शक्यतो शाखेत जाऊन बोटानेच करा. आधारशी जोडलेला नंबर गावाकडचा, बंद पडलेल्या सिमचा असेल, तर आधी तो बदलून घ्या. आधार केंद्रावर मोबाइल नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही. फक्त स्वतः जावं लागतं आणि ठरलेली फी भरावी लागते.

पत्रात काय लिहायचं

साधा कोरा ए-फोर कागद पुरे. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. तुम्ही देताय ती घोषणा आहे, प्रतिज्ञापत्र नाही. महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राला आता पाचशेचा स्टॅम्प लागतो, त्यामुळे कोणी ‘स्टॅम्पवर करून आणा’ म्हणालं तर ते पैसे वाया जातील. राज्य सरकारनेही दाखल्यांसाठीची बरीचशी प्रतिज्ञापत्रं २०१५ पासून बंद करून त्या जागी स्वयंघोषणा आणली आहे. खालच्या नमुन्यातली शेवटची ओळ त्याच धाटणीची आहे. बँकेकडे स्वतःचा छापील नमुना असेल तर तोच भरा. पण भरताना खालचा मजकूर जवळ ठेवा, म्हणजे काही सुटणार नाही.

> प्रति,
> शाखा व्यवस्थापक,
> (बँकेचे नाव), चाकण शाखा, ता. खेड, जि. पुणे
>
> विषय : सध्याच्या पत्त्याबाबत स्वयंघोषणा
>
> मी, (आधारवर आहे तसेच पूर्ण नाव), वय ____ वर्षे, व्यवसाय कंत्राटी कामगार, आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ____, मोबाइल ____, याद्वारे घोषित करतो की,
>
> माझा आधारवर नोंदलेला कायमचा पत्ता असा आहे : मु. पो. ____, ता. सेनगाव, जि. हिंगोली, पिन ____.
>
> कामानिमित्त मी दि. ____ पासून पुढील पत्त्यावर राहत आहे : खोली क्र. ७, पहिला मजला, घरमालक श्री. ____ यांची चाळ, गट क्र. ____, ____ किराणा दुकानामागे, खराबवाडी, चाकण, ता. खेड, जि. पुणे, पिन ४१०५०१.
>
> माझ्या सध्याच्या पत्त्याची नोंद याप्रमाणे घ्यावी आणि पत्रव्यवहार याच पत्त्यावर करावा. पत्ता बदलल्यास मी बँकेला कळवीन. या घोषणेवरून मी सदर जागेवर मालकीचा कोणताही हक्क सांगत नाही.
>
> वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी आहे. ती खोटी आढळल्यास भारतीय न्याय संहिता व संबंधित कायद्यांनुसार मी कारवाईस पात्र राहीन, याची मला जाणीव आहे.
>
> ठिकाण : चाकण  दिनांक : ____
> सही / अंगठा

‘भाडेकरार का नाही’ याचं कारण नमुन्यात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दामच वगळलं आहे. नियम कारण मागत नाही, तुम्ही कुठे राहता एवढंच विचारतो. मालकाने करार केला नाही हे लिहून दिलं, की तो घाबरतो आणि मग पडताळणीला आलेल्या माणसाला ‘इथे कोणी राहत नाही’ असं सांगतो. मालकीच्या हक्काची ओळ घातली आहे, तीही त्याच्याचसाठी. कागद बँकेत देण्याआधी त्याला वाचून दाखवा. बहुतेक मालकांची धास्ती अशी असते, की पत्ता लागला की भाडेकरू जागा बळकावेल. ती एक ओळ वाचून पुष्कळांची भीती कमी होते.

तारीख खरी घाला. त्या खोलीत तुम्ही चार महिन्यांपूर्वी आला असाल तर चारच महिने लिहा, दीड वर्ष नको. चाकणला कधीपासून आहात आणि या खोलीत कधीपासून आहात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव आधारवर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावासकट, त्याच क्रमाने लिहा. पूर्ण आधार क्रमांक कागदावर लिहायची गरज नाही, शेवटचे चार अंक पुरेत. क्रमांक बँक यंत्रातच घेते. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र तो शाखेतल्या माणसासमोर उठवा आणि शेजारी एका साक्षीदाराची सही घ्या.

दोन प्रती न्या. एक बँकेला द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. पुढे काही अडलं तर हीच प्रत तुमच्या कामी येते.

खरी परीक्षा पत्ता सापडतो का, याची

कागद घेतला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तुम्ही दिलेला पत्ता बँक तपासून बघते. पत्ता बदलल्याची घोषणा असेल तर ही खात्री दोन महिन्यांच्या आत करायची असते. तपासायच्या पद्धती साध्या आहेत : त्या पत्त्यावर एक पत्र पाठवायचं, माणूस पाठवायचा, किंवा एटीएम कार्ड, चेकबुक असं काही पाठवून ते पोहोचलं का पाहायचं. वस्तू पोहोचली, की पत्ता खरा ठरला. परत आली, की तुमची घोषणा कितीही नीट लिहिलेली असली तरी उपयोग नाही.

आणि चाकणच्या आसपासच्या वस्त्यांत ती परत येते, हेच मोठं दुखणं आहे. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे, सगळीकडे एकेका गटात वीस-तीस खोल्यांच्या चाळी उभ्या आहेत. खोल्यांना नंबर नाहीत. असले तर खडूने लिहिलेले. ‘रूम, खराबवाडी, चाकण’ एवढ्या पत्त्यावर पोस्टमन तरी कुठे जाणार? पाकिटावर ‘पत्ता अपुरा’ असा शेरा पडून ते बँकेकडे परत जातं.

म्हणून वरच्या नमुन्यातला पत्ता पुन्हा एकदा बघा. त्यात मालकाचं नाव आहे, कारण पोस्टमन वस्ती मालकाच्या नावाने ओळखतो. गट क्रमांक आहे, तो मालकाकडून किंवा त्याच्या लाइट बिलावरच्या पत्त्यावरून घ्या. मजला आणि खोलीचा नंबर आहे. नंबर नसेल तर मालकाला विचारून एक ठरवा आणि दारावर रंगाने लिहा, शेजारी तुमचं आडनावही लिहा. खूण आहे, पण ती टिकणारी हवी : किराणा दुकान, देऊळ, शाळा. ‘टपरीजवळ’ लिहू नका, टपरी हलते. पिन आहे, आणि तो बरोबर आहे. वस्तीचं नाव, तालुका आणि जिल्हा पूर्ण आहे. बँकेच्या संगणकात पत्त्याला ठरावीकच जागा असते, आणि लांब पत्ता भरताना कारकून शेवट कापतो. सहसा मालकाचं नाव किंवा खूणच गळते. खातं उघडून झाल्यावर पासबुकावर पत्ता काय छापलाय ते शाखेतच उभं राहून वाचा आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण पाळीची. तुम्ही दुपारी कामावर, पोस्टमन दुपारी येणार. ‘दार बंद’ असा शेरा पडतो. घोषणा दिल्यापासून पुढचे काही आठवडे मालकाला, शेजारच्या बाईंना आणि किराणावाल्याला सांगून ठेवा, की बँकेचं पाकीट येणार आहे. आता तुमच्या घरच्या आल्याच आहेत, तर दुपारी दार उघडं असेल, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना तुमच्या आधारची झेरॉक्स देऊन ठेवा. पोस्टमनने दारात चिठ्ठी टाकली असेल तर ती घेऊन लगेच चाकणच्या पोस्टात जा. पाकीट तिथे काही दिवसच ठेवतात. आणि बँकेचा माणूस स्वतः आला तर तो शेजारी विचारतो : इथे कोण राहतं, कधीपासून, कुठे कामाला आहे? उत्तर तुमच्या कागदाशी जुळलं पाहिजे. कागदावर खोटी तारीख लिहिलेली असली, की ती इथेच उघडी पडते.

खोली बदलली, की महिन्याभरात नवी घोषणा द्या. तुमच्यासारख्यांच्या खोल्या सहा-आठ महिन्यांत बदलतात, आणि पुढचं एटीएम कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेलं तर तुमचंच काम अडतं.

एजंटाचा करार

पंधराशे रुपयांत तो काय देईल? स्टॅम्प पेपरवर छापलेला, नोटरीचा शिक्का मारलेला कागद, त्यावर कुणाच्या तरी घराचा पत्ता आणि मालक म्हणून कुणाची तरी सही. तुमच्या मालकाने सही केलेली नाही, म्हणजे तो बनावट दस्त झाला. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदलेल्या दस्ताला दस्त क्रमांक असतो आणि तो नोंदणी विभागाकडे तपासता येतो. नुसता नोटरीचा कागद बँकेने तपासला, की तो तिथेच पडतो. मग प्रश्न नुसत्या पत्त्याचा राहत नाही. बनावट कागद वापरल्याचा ठपका तुमच्यावर येतो, आणि एजंट तोवर नंबर बदलून गेलेला असतो. खरी घोषणा फुकट मिळत असताना खोटा करार पैसे देऊन घ्यायचा, यात तुमचं सगळ्या बाजूंनी नुकसान आहे.

त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे, ती माहीत असू द्या. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी भाडेकरूवर नाही, मालकावर आहे. आणि भाडं घेतल्याची लेखी पावती देणं मालकाला कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. यावरून मालकाशी भांडायला जा, असं आम्ही म्हणणार नाही. खोली जाईल, आणि पाळीवरून आल्यावर तुम्ही दुसरी कुठे शोधणार? पण दर महिन्याला साध्या कागदावर ‘खोली क्र. ७, अमुक महिन्याचं भाडं मिळालं’ एवढं लिहून सही मागून बघा. किंवा भाडं रोख देण्याऐवजी मोबाइलवरून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. बँकेचा माणूस आला तर तीन-चार महिन्यांच्या अशा नोंदी दाखवता येतात. नियमाने त्या लागत नाहीत, पण त्याच्या मनातली शंका जाते.

शाखेने तरीही नाही म्हटलं तर

काउंटरवर वाद घालू नका, व्यवस्थापकांकडे जा आणि त्यांनाच तीच तीन वाक्यं सांगा. पुष्कळदा तिथेच काम होतं, कारण नव्या कारकुनाला ही सवलत माहीत नसते. तरीही नकार आला, तर अर्ज आणि घोषणा शिक्का घेऊन देऊन या आणि नकाराचं कारण लेखी मागा. मग बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. संकेतस्थळ `cms.rbi.org.in`, माहितीसाठी फोन १४४४८. तक्रारीत लांब हकिकत नको. तारीख, शाखा, ‘ई-केवायसीला तयार होतो, सध्याच्या पत्त्याची स्वयंघोषणा दिली, तरी पत्त्याचा कागद मागून खातं नाकारलं’, आणि सोबत शिक्क्याची प्रत, एवढं पुरे.

तुमच्या खोलीतल्या कुणाकडे आधार किंवा दुसरं कोणतंच ओळखपत्र नसेल, तर त्याच्यासाठी ‘लघु खातं’ असतं. ते फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर केलेल्या सहीवर उघडतं. त्यात कधीही पन्नास हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंतच काढता येतात. ते बारा महिने चालतं. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा महिने. पगाराच्या खात्याला दहा हजारांची ती अट जाचते, म्हणून ती तात्पुरती सोय समजावी.

इथे मात्र चालणार नाही

हेच पत्र घेऊन आधार केंद्रावर गेलात तर परत पाठवतील. आधारवरचा पत्ता बदलायला नुसती स्वतःची घोषणा पुरत नाही. तिथे आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यावर फोटो आणि नगरसेवक, आमदार, तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकारी अशा कुणाची तरी सही-शिक्का लागतो, आणि ते तीन महिनेच चालतं. पण मुळात तुम्ही आधारचा पत्ता बदलूच नये, असं आमचं मत आहे. चाकणची खोली वर्षाने बदलेल, सेनगावचं घर राहील. गावचे दाखले, शेतीच्या योजना त्या पत्त्याला जोडलेल्या असतात. बँकेला तुमचे दोन्ही पत्ते ठेवता येतात, आधारवर एकच राहतो. रेशनसाठी तर पत्ता बदलायची गरजच नाही. अन्नसुरक्षा योजनेतलं, आधार जोडलेलं कार्ड असेल तर चाकणच्या दुकानातही बोट लावून धान्य मिळतं.

गाडीचं लायसन्स काढताना पत्त्याचा कोणताच कागद नसेल, तर मोटार वाहन नियमांत प्रतिज्ञापत्राची सोय आहे. पण ते दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं हवं.

गॅसचं

उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून, स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याचा पुरावा या दोन्हींऐवजी स्वयंघोषणा चालते. अर्ज घरच्यांच्या नावाने करायचा, कारण जोडणी बाईच्याच नावावर मिळते. इथे घोषणा दोन गोष्टींची असते : पत्ता, आणि कुटुंबात कोण कोण आहे. त्यासाठी गॅस एजन्सीकडे छापील नमुना असतो, तुम्ही लिहिलेला बँकेचा कागद तिथे देऊ नका. कुटुंबातल्या सगळ्या प्रौढ माणसांचे आधार आणि बाईच्या नावाच्या बँक खात्याचा क्रमांकही लागतो. अडचण बहुतेक कुटुंबाच्या यादीत येते. त्याच कुटुंबात आधीपासून एक जोडणी असेल तर दुसरी मिळत नाही. गावाकडे तुमच्या आईच्या नावावर गॅस असेल आणि तुम्ही सगळे एकाच रेशनकार्डावर असाल, तर अर्ज तिथे अडकू शकतो. नाव लपवून चालत नाही, आधार क्रमांकावरून ते दिसतं. एजन्सीत आधी हेच स्पष्ट विचारा. शिवाय या योजनेतल्या जोडण्या सरकारच्या मंजुरीप्रमाणे येतात, त्यामुळे अर्ज दिला की लगेच सिलिंडर, असं होईलच असं नाही.

उज्ज्वलात बसला नाहीत, तर साधी जोडणी घ्यावी लागेल आणि तिला पत्त्याचा कागद लागतो. इथे तुमचं बँकेचं काम उपयोगी पडतं. चाकणचा पत्ता छापलेलं बँकेचं स्टेटमेंट गॅस कंपन्या पत्त्यासाठी पाहतात. म्हणून आधी खातं, मग पत्ता बरोबर छापून घ्यायचा, आणि मग गॅसचा अर्ज, असा क्रम ठेवा.

तोवर चूल बंद ठेवायची नाही. गॅस कंपन्यांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्ता विचारत नाहीत. एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर, किराणा दुकानांत तो असतो. संपल्यावर तिथूनच भरलेला बदलून घ्यायचा. बाजारात मिळणारी शिक्का नसलेली छोटी टाकी, जी मोठ्या सिलिंडरमधून नळीने भरून देतात, ती घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत गॅस गळला तर बाहेर जायला वाट राहत नाही. कंपनीचा सिलिंडर घेताना सील, वजन आणि पावती बघा, आणि रेग्युलेटर-नळी त्याच दुकानातून घ्या.